चढाईपटूने पळावे किती आणि थांबावे किती?

कापसाची वेचणी उरकत आली की आपल्या मारेगाव तालुक्यात कबड्डीचे दिवस सुरू होतात. गावोगावी मंडप पडतात, हॅलोजनच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत सामने चालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दवाखान्यात मुरगळलेली बोटे, सुजलेले घोटे आणि खरचटलेली कोपरे रांग लावून बसतात. एका हंगामात मात्र असा एक मुलगा आला, ज्याला कोठेच लागलेले नव्हते. वय २१, वजन ६८ किलो, अंगाने सडपातळ. आल्या आल्या म्हणाला, "डॉक्टरसाहेब, परवा फायनल आहे जी. एक ताकदीची सलाईन लावून द्या."

मी विचारले, "कशासाठी रे बाबा? होते काय तुला?"

"पहिल्या हाफात काई वाटत नाई जी. दुसऱ्या हाफात पायच उचलत नाई. गडी टिपतो, पण परत येता येता मधल्या रेषेपाशी धरतात मले."

तपासले. रक्तदाब व्यवस्थित, छाती स्वच्छ, हिमोग्लोबिन १३.६. म्हणजे आजार काही नाही. मग विचारले की सराव काय करतोस. तो अभिमानाने म्हणाला, "रोज पहाटे वणी रोडनं पाच किलोमीटर पळतो. एक दिवस खाडा नाई." त्याच्यासोबत त्याच्या मंडळाचे शिकवणारे गुरुजी आले होते. तेही म्हणाले, "आम्ही तर आठ-आठ किलोमीटर पळत होतो, डॉक्टर. आताच्या पोरांत तो दम राहिला नाही."

सलाईन मी लावली नाही. पाण्यात मीठ आणि साखर असते, ताकद नसते. पण त्या दोघांचे म्हणणे मनात राहिले, कारण आपल्या भागातील बहुतेक कबड्डीपटूंचे असेच चालले आहे. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. या मुलांचा दम कमी नाही. त्यांचा सराव त्यांच्या खेळाचा नाही. आणि त्यातही त्यांचे पळणे जितके चुकते, त्याहून जास्त त्यांचे थांबणे चुकते.

चढाई म्हणजे काय, हे शरीराच्या बाजूने पाहू. पूर्वी दम टिकेल तोवर चढाई चाले. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. या ३० सेकंदांत गडी बराच वेळ वाकून, बाजूबाजूने सरकत, हुलकावणी देत असतो. खरा जोर लागतो तो दोन-तीन क्षणांत. हात किंवा पाय टाकताना, पकडीतून सुटताना आणि मध्यरेषेकडे झेपावताना. हा जोर तीन ते पाच सेकंदांचा, पण पूर्ण ताकदीचा असतो.

या जोरासाठी स्नायूत आधीच साठवून ठेवलेले एक इंधन वापरले जाते. त्याचे नाव क्रिएटिन फॉस्फेट. नाव विसरलात तरी चालेल, पण अंगणातली पाण्याची घागर डोळ्यापुढे आणा. घागर हाताशी असते, पाणी तात्काळ मिळते, पण घागर लहान असते. पूर्ण जोर लावला तर दहा सेकंदांच्या आसपास ती जवळजवळ रिकामी होते. मग ती विहिरीवरून भरून आणावी लागते. ही विहीर म्हणजे श्वासातून मिळणारा प्राणवायू. जोर थांबल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात घागर फार तर निम्मी भरते. काठोकाठ भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. घागर रिकामी असताना पुन्हा जोर लावला, तर स्नायू प्राणवायूवाचून साखर जाळतो. त्यातून काम निघते, पण वेग पडतो, पाय जड होतात आणि धाप लागते.

आता सामन्याचा हिशोब करा. २० मिनिटांचा एक डाव, असे दोन डाव, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. चढाया आलटून पालटून होतात आणि एका संघाची चढाई संपली की दुसऱ्याने पाच सेकंदांत गडी पाठवायचा असतो. कप्तानाने प्रत्येक वेळी एकाच गड्याला पाठवले, तर त्याच्या दोन चढायांमध्ये फक्त प्रतिस्पर्ध्याची एक चढाई, म्हणजे जेमतेम अर्धे मिनिट मिळते. तेही विश्रांतीचे नव्हे, कारण त्या वेळी तो साखळीत हात धरून बचावाला उभा असतो. त्याची घागर अर्धीच भरते आणि दर चढाईला आणखी रिकामी होत जाते. तोच गडी एक आड एक पाठवला, तर मध्ये दीड मिनिट मिळते आणि घागर बरीचशी भरते. म्हणून त्या दिवशी मी गुरुजींना सांगितले की परवाच्या फायनलसाठी माझ्याकडे औषध नाही, तुमच्याकडे आहे. याला लागोपाठ पाठवू नका, दुसरा चढाईपटू तयार ठेवा. दोन दिवसांत शरीर बदलत नाही, चढायांचा क्रम मात्र बदलता येतो.

ती फायनल त्यांचा संघ हरला. पुढच्या आठवड्यात मुलगा आणि गुरुजी पुन्हा आले आणि म्हणाले, "आता काय करायचे ते सांगा." तेव्हा आम्ही पुढचे आठ आठवडे जे केले, तेच आज लिहीत आहे.

पहिल्यांदा मोजमाप. मैदानावर चुन्याने मध्यरेषा आणि अंतिम रेषा आखली. पुरुषांच्या मैदानात हे अंतर साडेसहा मीटर असते. गड्याने मध्यरेषेवरून पूर्ण वेगाने अंतिम रेषेपर्यंत जायचे, हाताने रेषेला शिवायचे, परत यायचे, पुन्हा जायचे आणि पुन्हा यायचे. म्हणजे २६ मीटर आणि तीन वळणे. मोबाईलमधल्या स्टॉपवॉचवर वेळ टिपायची. सुरुवातीपासून बरोबर ३० सेकंद झाले की दुसरी फेरी सुरू. अशा सहा फेऱ्या. आमच्या या गड्याची पहिली फेरी ७.४ सेकंदांत झाली. तालुक्याच्या मानाने हा वेग उत्तमच. पण सहावी फेरी ८.९ सेकंदांची झाली. दीड सेकंदाचा फरक! कोपऱ्यावरच्या गड्याला घोटा धरायला एवढा वेळ पुरून उरतो. मधल्या रेषेपाशी हा का पकडला जात होता, हे त्या कागदावरच दिसले. पहिली फेरीच हळू निघाली असती, तर दोष वेगात असता. येथे पहिली चांगली आणि शेवटची वाईट होती, म्हणजे दोष घागर भरण्यात होता.

दुसरे मोजमाप नाडीचे. सहावी फेरी संपताच मनगटावर १५ सेकंद ठोके मोजले, ते ४६ भरले. एक मिनिट चालल्यावर पुन्हा मोजले, ते ३९ होते. एका मिनिटात नाडी इतकीच उतरली, याचा अर्थ शरीर सावरायला वेळ घेत होते. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या मुलाची ही गत पाहून गुरुजी गप्प झाले. पळणे वाया गेले नव्हते, पण एका संथ लयीत पळणाऱ्या शरीराला जोर, थांबा, पुन्हा जोर याची सवयच नव्हती.

त्यानंतर आम्ही दोन प्रकारचे व्यायाम ठेवले.

पहिला व्यायाम छोट्या झेपेचा. मध्यरेषेवर चढाईच्या पवित्र्यात उभे राहायचे. टाळी वाजताच निदान रेषेपर्यंत, म्हणजे पावणेचार मीटर, झेपावायचे, वाकून हाताने रेषेला शिवायचे आणि वळून मध्यरेषा गाठायची. सारे काम तीन सेकंदांचे, पण जोर शंभर टक्के. त्यानंतर ४५ सेकंद शांतपणे चालायचे. अशा सहा झेपा झाल्या की तीन मिनिटे विश्रांती आणि पुन्हा सहा. येथे मुले एकच चूक करतात. दम लागत नाही म्हणून त्यांना वाटते की व्यायाम झालाच नाही, मग ती विश्रांती कमी करतात. तसे करू नये. हा व्यायाम वेगाचा आहे आणि भरलेल्या घागरीवरच वेग वाढतो. धाप लागली की तो दुसराच व्यायाम होतो.

दुसरा व्यायाम चढाईच्या नकलेचा. २० सेकंद खऱ्यासारखी चढाई करायची. निदान रेषा ओलांडायची, एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकायचे, हुलकावणी द्यायची, पाय टाकायचा. १५ सेकंदांनंतर गुरुजी केव्हाही टाळी वाजवतील, त्या क्षणी वळून मध्यरेषेकडे सुटायचे. हे सारे "कबड्डी, कबड्डी" असा दम घेत, स्पष्ट आवाजात करायचे. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. दम म्हणताना श्वास थोडाथोडा बाहेर जात असतो आणि आत घेता येत नाही. म्हणून खरी चढाई ही त्याच अंतरावरील मुक्या धावण्यापेक्षा जड पडते. तोंड मिटून केलेला सराव सामन्यात अर्धाच उपयोगी येतो. नवख्याने मात्र पहिला आठवडा दमाशिवाय करावा.

या दुसऱ्या व्यायामात विश्रांती हेच औषधाचे प्रमाण आहे. पहिले दोन आठवडे प्रत्येक नकलेनंतर ६० सेकंद चालणे. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात ४५ सेकंद. पाचव्यापासून ३० सेकंद. शेवटच्या दोन आठवड्यांत ते ३० सेकंदही चालण्यात न घालवता दोन गड्यांसोबत साखळी धरून बचावाच्या हालचालीत घालवायचे, कारण सामन्यात तसेच होते. सहा नकला झाल्यावर किमान चार मिनिटे थांबायचे आणि १५ सेकंदांत नाडी ३० च्या खाली आल्याशिवाय पुढच्या सहा सुरू करायच्या नाहीत. एकाच आठवड्यात नकलांची संख्या वाढवणे आणि विश्रांती घटवणे, ही दोन्ही कामे करू नयेत.

विश्रांतीत काय करायचे, हेही शिकवावे लागते. मुले परत आल्यावर घशातून भराभर श्वास ओढतात. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडावा, लांब, आत येणारा आपोआप येतो. असे तीन-चार श्वास झाले की धाप आटोक्यात येते. गुडघ्यावर हात टेकून वाकले तरी हरकत नाही, त्याला रागावू नये. चढाईला निघण्यापूर्वी मात्र दहा-बारा जोरजोरात श्वास घेण्याची जी सवय असते, ती मोडावी. त्याने दम वाढत नाही, भोवळ येऊ शकते. एक-दोन सावकाश श्वास पुरेत.

सोमवारी छोट्या झेपा, बुधवारी नकला, शुक्रवारी प्रत्यक्ष खेळ. मंगळवारी किंवा शनिवारी एकदा २०-२५ मिनिटांचे सावकाश पळणे, इतके सावकाश की सोबत्याशी बोलता यावे. गुरुजींचे पळणे आम्ही टाकले नाही, त्याची जागा बदलली. विहीर चांगली राहायची तर ते हवेच, पण आठवड्यातून एक-दोनदा पुरते. उरलेले दिवस आराम. ज्या दिवशी शेतात दिवसभर फवारणीचा पंप पाठीवर होता किंवा कापसाचे गठ्ठे उचलले, तो दिवस व्यायामाचाच धरावा. शरीराला ओझे कळते, ते शेताचे की मैदानाचे हे कळत नाही.

थांबायचे केव्हा, याच्या खुणा सोप्या आहेत. नकलेत २० सेकंदांच्या आत दम तुटू लागला, वळताना पाय घसरू लागले किंवा परतीचा वेग उघड उघड पडला, की त्या दिवसाचे काम संपले. राहिलेल्या फेऱ्या ओढून पूर्ण केल्या तर गडी हळू पळण्याचाच सराव करतो, आणि थकलेल्या पायावर वळण घेतानाच गुडघे आणि मांडीच्या मागचे स्नायू दुखावतात.

आठ आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली. पहिली फेरी ७.३ सेकंद, म्हणजे मूळ वेग फारसा वाढला नाही. सहावी फेरी ७.९. फरक दीड सेकंदावरून सहा दशांश सेकंदांवर आला. १५ सेकंदांतील ठोके संपताच ४५ होते, एका मिनिटानंतर ३३. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता दुसऱ्या हाफात पाय आपलेच वाटते जी." एवढा फरक प्रत्येकाला पडेल असे मी म्हणत नाही. वजन जास्त असलेल्या किंवा हिमोग्लोबिन कमी असलेल्या गड्याला वेळ लागतो, आणि पकडीतल्या चुका या व्यायामाने सुधारत नाहीत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो. हा व्यायाम सुरू करण्यापूर्वी त्या मुलाची मी आणखी एक तपासणी करून घेतली होती, सिकलसेलची. ती निर्दोष आली, म्हणून पुढे गेलो. याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर एका गावचा १७ वर्षांचा मुलगा मोटारसायकलवर मध्ये बसवून माझ्याकडे आणला होता. सराव शिबिरात उशिरा आल्याची शिक्षा म्हणून त्याला न थांबता पूर्ण वेगाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. पाचव्या-सहाव्या फेरीला त्याचे पाय गेले. "नाटक करतो" म्हणून त्याला उठवून पुन्हा पळवले. माझ्याकडे आला तेव्हा शुद्धीवर होता, बोलत होता, पण मांड्यांत बळ नव्हते. काही वेळाने लघवी झाली ती काळ्या चहासारखी. स्नायू फुटून त्यातील द्रव्य मूत्रपिंडात उतरल्याची ती खूण. मी शिरेतून पाणी सुरू करून त्याला लगेच यवतमाळला पाठवले. तो वाचला. तपासणीत कळले की तो सिकलसेलचा वाहक होता. त्याला किंवा घरच्यांना हे माहीत नव्हते.

सिकलसेलचा रोगी वेगळा आणि वाहक वेगळा. वाहकाच्या रक्तात निम्मा दोष असतो, त्याला एरवी काही त्रास नसतो, तो शेती करतो, लग्न करतो आणि कबड्डीही खेळू शकतो. विदर्भात, आदिवासी समाजात आणि इतरही काही समाजांत, असे वाहक बरेच आहेत. पण उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, विश्रांतीशिवाय एकामागून एक पूर्ण जोराच्या फेऱ्या मारल्या, तर वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा रोखू शकतात. म्हणजे जो व्यायाम कबड्डीपटूला हवा, तोच विश्रांती काढून घेतली तर त्याच्या जिवावर उठू शकतो.

ओळख अशी ठेवावी. साध्या गोळ्यात, ज्याला आपण पायात वाम येणे म्हणतो, स्नायू दगडासारखा कडक होतो आणि गडी कळवळून ओरडतो. सिकलसेलच्या त्रासात स्नायू हाताला मऊच लागतो, पण पायात बळ राहत नाही आणि गडी गळून खाली बसतो, बहुधा सरावाच्या पहिल्या काही मिनिटांतच. उष्माघातात अंग तापलेले असते आणि माणूस बरळतो. गळून बसलेल्या मुलाला उठवू नका. सावलीत झोपवा, शुद्धीवर असेल तर पाणी द्या आणि वाट न पाहता रुग्णालयात न्या. सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांना आवर्जून सांगावे की हा पळता पळता पडला.

सिकलसेलची प्राथमिक तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते आणि सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. २०२३ पासून तर देशभर तिची मोहीमच चालू आहे. वाहक निघाला तर मुलाचा खेळ बंद करू नका. त्याच्या नकलांमधील विश्रांती ६० सेकंदांखाली आणू नका, सराव सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर घ्या, ताप असेल त्या दिवशी सुट्टी द्या आणि तो "थांबतो" म्हणाला की थांबू द्या.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली. त्या पिढीने घड्याळ न लावता दम कमावला, हे खरे. पण आज खेळाला ३० सेकंदांचे घड्याळ लागले आहे, तर सरावालाही लागले पाहिजे. माझी मंडळांना एवढीच सूचना आहे. यंदा हंगाम सुरू होण्यापूर्वी संघातील सगळ्या मुलांना एक दिवस आरोग्य केंद्रात नेऊन सिकलसेल आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणे कायमचे बंद करा. गुरुजींनी त्यांच्या मंडळात हे केले. १४ मुलांत दोन वाहक निघाले. दोघेही आज कोपऱ्यावर खेळतात, आणि त्यांच्या विश्रांतीचे सेकंद गुरुजी स्वतः मोजतात.